पोर्टच्या लाइनीत गेलेला दिवस: ड्युटी की आराम?

प्रश्न: कळंबोलीत माझे चार ट्रेलर आहेत. न्हावा शेव्याहून कंटेनर उचलून नागपूर, बुटीबोरीला जातो. ड्रायव्हर दिवसभर सीएफएसच्या, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामाच्या, लाइनीत असतो, रात्री गाडी निघते. मी विचारलं तर म्हणतो, "शेठ, दिवसा लाइनीत झोपलो, आता रात्रभर चालवतो." हा वेळ आराम म्हणून धरता येतो का? गाडी चालवण्याच्या तासांचा काही नियम चार गाड्यावाल्याला लागू आहे का? दुसरा ड्रायव्हर दिला की प्रश्न मिटतो का? मेव्हण्याची ठाण्याहून नागपूरला स्लीपर बस आहे, तोही हेच विचारतोय.

उत्तर: लाइनीतला वेळ आराम म्हणून धरता येत नाही. आणि तो कामाचा की आरामाचा हा वाद तुम्ही जिंकलात तरी तुमची गाडी रात्री निघायला नकोच, कारण तोवर त्या ड्रायव्हरचा दिवस संपलेला असतो. कसा, ते सांगतो.

आधी नियम लागू आहे का ते पाहू. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यासाठी होता, म्हणून लहान गाडीमालक वर्षानुवर्षं "आपल्याला तो लागत नाही" असं म्हणत आले. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ वाचा. मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायला ठेवलेल्या कुणाही माणसाचे कामाचे तास १९६१ च्या कायद्यात आहेत तेवढेच असतील, असं ते सांगतं. त्यात गाड्या किती याचा हिशेब नाही. तास आधी ठरवून लिहून ठेवायला लावण्याचा अधिकारही तेच कलम राज्य सरकारला देतं.

दुसरा गैरसमज नॅशनल परमिटचा. पूर्वी त्या परमिटवर जड गाडीला दोन ड्रायव्हर सक्तीचे होते, २०१८ मध्ये ती अट काढली. तेव्हापासून कळंबोलीत बरेच जण एका ड्रायव्हरवर कितीही चालवायची सूट मिळाल्यासारखे वागतात. गेली ती दोन माणसांची अट. एका माणसाच्या तासांची मर्यादा होती तिथेच आहे.

ती मर्यादा अशी. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीने हे वाढवता येतं, पण कुठल्याही परिस्थितीत दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ च्या वर नाही. सलग ५ तासांच्या वर काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसऱ्या दिवशीची सुरू होईपर्यंत सलग किमान ९ तास मोकळे. आणि ज्याकडे कुणी बघत नाही तो नियम: हजर झाल्यापासून काम संपेपर्यंतचा एकूण पसारा, मधल्या विश्रांत्या धरून, १२ तासांच्या आत. गाडी बिघडली, रस्ता बंद पडला, दरड कोसळली तर सवलत आहे. रोजच्या लाइनीला ती सवलत लागू होत नाही, कारण रोज लागणारी लाइन ही आपत्ती नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात गेला. ८ तासांची मर्यादा तिच्यातही आहे. मधली विश्रांती आणि एकूण पसारा सरकारने अधिसूचनेने ठरवायचा असं तिच्यात म्हटलंय. मी ड्युटी लावताना आजही १९६१ चेच आकडे धरतो. माणसाचं शरीर कायदा बदलला म्हणून बदललेलं नाही.

आता लाइनीकडे येऊ. कायद्याच्या व्याख्येत कामाचा वेळ म्हणजे ड्रायव्हर मालकाच्या, किंवा त्याच्याकडून काम घेण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या कुणाच्या, हाताखाली हजर असलेला वेळ. चाक फिरलं की नाही यावर ते ठरत नाही. माल चढवणं-उतरवणं, गाडीची देखभाल, हिशेब, सह्या, हे सगळं त्यात येतं. गाडी मध्येच थांबली तर तो वेळ वगळता येतो, पण तेव्हा ड्रायव्हर आपल्या मर्जीने वेळ घालवायला मोकळा असला पाहिजे. टर्मिनलवर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ नुसतं थांबणं कामात धरावं असंही त्यात लिहिलंय. काही जण त्याचा उलटा अर्थ काढतात की पंधरा मिनिटांच्या वरचं सगळं थांबणं आराम. तसं होत नाही. तो मोकळा होता का, हा प्रश्न तरीही उभा राहतो.

सीएफएसच्या गेटबाहेर तो मोकळा असतो का, ते एकदा त्याच्या केबिनमध्ये बसून बघा. पुढची गाडी दोन गाड्यांएवढी सरकली की याला सरकावं लागतं, नाहीतर मागचा हॉर्न देतो किंवा मध्ये घुसतो. कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटचा, म्हणजे सीएचएचा, माणूस कधीही फोन करून कागद मागतो. गेटवर नंबर पुकारला आणि हा जागेवर नसला तर पाळी जाते. ट्रेलर सोडून जेवायला लांब गेला तर डिझेल नाही तर बॅटरी जाण्याची भीती. डोळे मिटतो तो, खोटं नाही बोलत. पण दर पंधरा-वीस मिनिटांनी मोडणारी झोप गाढ झोपेपर्यंत पोचतच नाही. दोन-तीन तास पडून राहिल्याचं त्याला आठवतं आणि शरीराला मात्र त्यातला फार थोडा भाग मिळालेला असतो. म्हणून "झोपलो" असं तो मनापासून म्हणतो आणि तुम्हीही ते मनापासून खरं मानता.

उलट, टोकन मिळालंय, पाळी रात्री आहे हे नक्की आहे, गाडी राखण असलेल्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि ड्रायव्हर चावी खिशात घालून खोलीवर जाऊन झोपला, तर तो वेळ मी आरामात धरीन. अशी सोय मिळाली तर जरूर घ्या. पण रोजचं चित्र ते नसतं.

आता तुमच्याच फेरीचा एक नमुना मांडतो. वेळा मी धरलेल्या आहेत, तुमच्या जीपीएसमधल्या वेळा घालून बघा, फार फरक पडणार नाही. ड्रायव्हर सकाळी ६ ला उठला. ९ ला सीएफएसच्या गेटवर हजर. कागद, लाइन, क्रेन, सील, असं करत संध्याकाळी ५ ला कंटेनर चढून बाहेर पडला. ६ ला कळंबोली. पुढे शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव या पट्ट्यात जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी. बंदीच्या वेळा वाहतूक पोलीस अधूनमधून बदलतात, पण संध्याकाळी अडकायचं आणि रात्री उशिरा सुटायचं हा क्रम ठरलेला. समजा ११ ला सुटला. साडेबाराला भिवंडीजवळ आमणे, तिथून समृद्धी महामार्गावर चढला. शिर्डी तिथून साधारण १८० किलोमीटर, भरलेल्या ट्रेलरला साडेतीन तास धरा. पहाटे ४ ला शिर्डी.

जीपीएसचा रिपोर्ट काढलात तर चाक फिरल्याचा वेळ जेमतेम ६ तास दिसेल. तुम्ही म्हणाल, आठ तासही झाले नाहीत, अजून दोन तास बाकी आहेत. आणि इथेच सगळं फसतं. हा माणूस ९ ला हजर झाला, म्हणजे त्याचा १२ तासांचा पसारा रात्री ९ ला संपला. तेव्हा तो अजून कळंबोलीतच बंदी उठायची वाट बघत होता. संध्याकाळी ६ ते ११ हे पाच तास तुम्ही पूर्ण आराम धरलेत तरी ते सलग नऊ होत नाहीत, त्यामुळे नवीन दिवस सुरू होत नाही. म्हणून सुरुवातीला म्हटलं की लाइनीचा वाद जिंकूनही उपयोग नाही. विश्रांत्या धरूनच बारा तास मोजायचे असतात.

कायदा बाजूला ठेवला तरी घड्याळ तेच सांगतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये नेचर या नियतकालिकात मोजमाप प्रसिद्ध केलं होतं. सलग १७ तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या कामात तितकाच ढिला पडतो, जितका रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला माणूस. आपल्याकडे ड्रायव्हरला मर्यादा ०.०३ टक्क्यांची आहे. सकाळी ६ ला उठलेल्याचे १७ तास बरोबर रात्री ११ ला भरतात. म्हणजे बंदी उठते आणि तुमचा ट्रेलर मुंब्रा बायपासला लागतो, त्याच क्षणी. लाइनीतल्या तुटक झोपेने हे थोडं पुढे ढकललं जाईल, पुसलं जाणार नाही. त्यात रात्री २ ते पहाटे ५-६ ही वेळ अशी की पुरेसं झोपलेल्या माणसाच्या शरीरालाही तेव्हा झोप हवी असते. दोन्ही गोष्टी समृद्धीवर एकत्र येतात. तिथे ना खड्डा, ना सिग्नल, ना समोरून येणारी गाडी, डोळ्यांना जागं ठेवणारं काहीच नाही.

डुलकी कशी लागते तेही माहीत असू द्या. मान पडून घोरणं ही शेवटची पायरी. आधी डोळे उघडे असतानाच दोन-तीन सेकंद मेंदू बंद पडतो आणि ड्रायव्हरला ते कळतही नाही. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांत ६५ मीटरच्या वर, ब्रेकवर पाय न पडता. म्हणून अशा अपघातांत पुढच्या उभ्या ट्रकला धडक बसलेली असते आणि रस्त्यावर ब्रेकचे वळ नसतात.

हे तुम्हाला ऑफिसात बसून ओळखता येतं. जीपीएसच्या वेगाच्या आलेखात पहाटे वेग कारण नसताना ७५ वरून ५० वर येतो, परत चढतो, परत पडतो. पाय सैल होतोय आणि दचकून परत दाबला जातोय. दुसरी खूण म्हणजे चार-पाच मिनिटांचे थांबे, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने. तोंडावर पाणी मारायला थांबतोय. असे दोन थांबे दिसले की फोन करा आणि एवढंच सांगा: पुढच्या इंटरचेंजला खाली उतर, गाडी पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात लाव, झोप, पोचायची वेळ मी पार्टीला कळवतो. एक्स्प्रेसवेच्या कडेला उभं राहू देऊ नका, मागून येणारा दुसरा झोपाळू तिथेच येऊन आदळतो. आणि त्याला जागं ठेवायला रात्री ३ ला गप्पा मारत बसू नका. बरेच शेठ काळजीपोटी हे करतात. त्याने तो बोलत राहतो, पण रस्ता बघण्याची ताकद परत येत नाही, उलट निम्मं लक्ष फोनकडे जातं. चहाने वीस-तीस मिनिटांनी थोडी तरतरी येते, वीस मिनिटांच्या झोपेनेही येते. पण तेवढ्यावर थांबायची सुरक्षित जागा गाठावी, नागपूर गाठायला निघू नये.

मग फेरी लावायची कशी? तीच गाडी, तोच ड्रायव्हर धरा. संध्याकाळी ६ ला कळंबोलीत आला. ७ ला ड्युटी बंद, चावी वॉचमनकडे, ड्रायव्हर खोलीवर. ७ ते पहाटे ४ हे ९ तास झाले. ४ ला निघाला की सकाळची बंदी लागायच्या आत मुंब्रा पार होतो. ६ च्या सुमारास आमणे, अर्धा तास चहा-नाश्ता. साडेसहाला समृद्धीवर, दहाच्या आत शिर्डी. तिथे पुन्हा पाऊण तास. तोवर ५ तास २० मिनिटं चालवून झालेली असतात, उरले २ तास ४० मिनिटं. त्यात अजून दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दुपारी सव्वा-दीडच्या सुमारास जालन्याच्या अलीकडे. तिथे ड्युटी बंद. कायद्याने तो रात्री साडेदहाला पुन्हा निघू शकतो. मी निघू देत नाही, कारण परत तीच पहाट त्याच्या वाट्याला येते. दुसऱ्या दिवशी पहाटे ४ ला निघाला की दुपारी बाराच्या सुमारास बुटीबोरीला लागतो.

यात तुमचा जवळजवळ एक दिवस जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण रात्रभर धावलेली गाडी बुटीबोरीला दुपारी पोचली तरी कारखाना कंटेनर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच उघडतो. तुमच्या मागच्या फेऱ्यांचे पोचण्याचे आणि रिकामं होण्याचे वेळ शेजारी शेजारी लिहून बघा. खरा तोटा किती ते तेव्हा कळेल, आणि तेवढाच भाड्यात मागावा लागेल.

तो दिवसही वाचवायचा असेल तर एक चांगली सोय आहे. पोर्टची खेप आणि लांबची खेप वेगळी करा. चार ट्रेलरमागे एक लोकल ड्रायव्हर ठेवा, उरण परिसर ओळखणारा. सीएफएसच्या लाइनीत तो बसेल, कंटेनर कळंबोलीच्या यार्डात आणून लावेल. लांबचा ड्रायव्हर तोवर घरी झोपलेला असेल आणि ठरलेल्या वेळी ताजा येऊन चावी घेईल. त्याची ड्युटी यार्डात हजर झाल्यापासून मोजायची. अर्थात त्यालाही रात्रीच काढू नका, पहाटे ४ चाच मुहूर्त ठेवा. लोकल माणसाचा पगार चार गाड्यांत वाटला जातो.

दुसऱ्या ड्रायव्हरबद्दल. दोघे दिलेत तर चालवण्याचे तास वाटले जातात, तेवढा फायदा नक्की. पण दोघेही सकाळी ९ पासून एकाच केबिनमध्ये लाइनीत असतील तर रात्री ११ ला दोघेही सारखेच थकलेले असतात. चालत्या ट्रेलरच्या मागच्या बर्थवर धक्के, हॉर्न, जोडीदाराच्या ब्रेकची धास्ती यात लागलेली झोप ही सलग नऊ तासांच्या आरामाची जागा घेत नाही. त्याची ड्युटी संपलेली नसते, तो गाडीबरोबरच फिरत असतो. दुसरा ड्रायव्हर द्यायचा तर पोर्टच्या लाइनीत न बसलेला द्या, आणि झोपेतून उठल्या उठल्या स्टिअरिंग देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं, शक्य तर अर्धा तास, खाली उतरून चालू दे, तोंड धुऊ दे, मगच.

नोंदीसाठी एक साधी वही पुरते. आपल्याकडे युरोपातल्यासारखं तास मोजणारं टॅकोग्राफ यंत्र ट्रकला सक्तीचं नाही, म्हणून वही तुम्हीच ठेवायची. प्रत्येक फेरीला ड्रायव्हरच्या नावापुढे या चार वेळा लिहा: उठला कधी, हजर झाला कधी, चाक हललं कधी, ड्युटी बंद झाली कधी. पहिला रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कुणी लिहीत नाही. "झोप झाली का?" असं विचारलंत तर उत्तर "हो" येणार. "किती वाजता उठलास आणि सलग किती झोपलास?" असं विचारा, आकडा येतो. बाकीच्या वेळा जीपीएस आणि फास्टॅगच्या मेसेजशी ताडून बघता येतात.

हे सगळं एका गोष्टीवर अडतं, ती म्हणजे पैसे. तुमच्या ड्रायव्हरला फेरीमागे पैसे मिळत असतील तर लाइनीतला दिवस त्याच्या लेखी फुकट गेलेला असतो आणि तो रात्री भरून काढायचा असतो. म्हणून "झोपलो शेठ" हे उत्तर तो देतो. थांबल्याचे पैसे त्याला द्या. पार्टीकडून हॉल्टिंग घेता तेव्हा त्यातला ठरलेला वाटा ड्रायव्हरला, आणि पार्टीने दिलं नाही तरी ठरलेल्या तासांनंतर तुमच्याकडून. जालन्याला थांबण्याचा मुक्काम भत्ता वेगळा. डिझेल वाचवल्याचं बक्षीस देत असाल तर ते चालू ठेवा, पण लवकर पोचल्याचं बक्षीस आजच बंद करा.

मेव्हण्याच्या बसला हाच हिशेब लागतो, फक्त लाइनीच्या जागी पिकअप येतात. नागपूरहून सकाळी आलेली बस ठाण्यात रिकामी झाली, की ड्रायव्हर ती धुतो, हवा-पाणी बघतो, आणि उन्हात उभ्या बसमध्ये आडवा होतो. दुपारी ४ ला बोरिवलीपासून पिकअप सुरू, ठाणे सोडेपर्यंत रात्रीचे ८ वाजतात. ते चार तास शहरातल्या गर्दीतली सगळ्यात थकवणारी ड्युटी आहे आणि तिकिटावर सुटण्याची वेळ ठाण्याची असल्यामुळे ती कुणी मोजत नाही. त्याला सांगा, पिकअपला शहरातला वेगळा ड्रायव्हर लावायचा, लांबच्या ड्रायव्हरने ठाण्याच्या शेवटच्या पिकअपला बस ताब्यात घ्यायची आणि नागपूरपर्यंत अर्ध्या वाटेवर दुसऱ्याकडे द्यायची. तो दुसरा ड्रायव्हर ठाण्याहून बसमध्ये बसून आलेला नको, छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याला खोलीवर झोपून तयार असलेला हवा. आणि ठाण्यात दिवसा झोपायला पंखा, अंधार आणि संडास-बाथरूम असलेली एक खोली भाड्याने घ्यायची. एसटी आपल्या माणसांसाठी डेपोत विश्रांतिगृह ठेवते ते याचसाठी. चार-पाच बसवाल्यांनी मिळून घेतली तर प्रत्येकाला खोलीचं भाडं एका सीटच्या तिकिटाइतकंही रोजचं पडणार नाही.